‘एकतर–नाहीतर’ आणि ‘जर–तर’: मालवाहतुकीच्या मॉडेलमधला M किती मोठा असावा?

हा या भागाचा लिखित पाठ. बोलताना समीकरणं हवेत विरून जातात, म्हणून इथे ती मांडून दिली आहेत. दोन-चार वाक्यं आवरली आहेत, बाकी बोलणं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका वाक्यात सांगतो. गोदामावरचा माणूस अटी सांगतो त्या ‘एकतर असं, नाहीतर तसं’ किंवा ‘जर हे केलंत तर ते करावंच लागेल’ अशा भाषेत. सॉल्व्हरला मात्र फक्त सरळ रेषेतली, म्हणजे रेषीय, बंधनं कळतात. या दोन भाषांमधला दुभाषा म्हणजे ० किंवा १ एवढंच होऊ शकणारा एक चल आणि एक मोठा स्थिरांक, ज्याला सगळे ‘बिग एम’ म्हणतात. हा दुभाषा बहुतेकांना माहीत असतो. पण तो मोठा स्थिरांक नेमका किती मोठा, हे ठरवताना जो निष्काळजीपणा होतो, त्यातून कागदावर स्वस्त आणि गोदामात अशक्य असा आराखडा तयार होतो. तो कसा होतो आणि कसा पकडायचा, ते एका उदाहरणातून बघू.

आधी साधं मॉडेल

समजा सरकी पेंडेचा व्यापार आहे. सांगलीच्या गोदामात ९० टन माल आहे, बारामतीच्या गोदामात १०० टन. या आठवड्याची मागणी अशी: सोलापूर ६० टन, रत्नागिरी ४० टन, पणजी ५० टन. मागणी पूर्ण करायचीच आहे. एक टन माल पोचवायला किती रुपये लागतात, ते खाली दिलंय. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरलेत.

- सांगलीहून: सोलापूर ९००, रत्नागिरी १०००, पणजी १२००
- बारामतीहून: सोलापूर ८००, रत्नागिरी १५००, पणजी १९००

ही जुनी, ओळखीची वाहतूक समस्या आहे, आणि एवढी लहान की हातानं सुटते. सोलापूरला बारामती शंभर रुपयांनी स्वस्त. रत्नागिरीला सांगली पाचशेंनी स्वस्त, पणजीला सातशेंनी. म्हणून सांगलीचे ९० टन पूर्ण रत्नागिरी आणि पणजीला जातात, आणि सोलापूरचे ६० टन बारामती देते. एकूण खर्च ४०,००० + ६०,००० + ४८,००० म्हणजे १,४८,००० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

मुकादमाची अट

आता सांगलीच्या गोदामातला मुकादम म्हणतो, “साहेब, हमालांची एक टोळी आठवड्याला साठ टनच भरून देईल. त्याच्या वर माल काढायचा तर दुसरी टोळी बोलवा. पण दुसरी टोळी येणार म्हणजे एकूण काम निदान ऐंशी टनांचं पाहिजे, नाहीतर ती माणसं यायची नाहीत. आणि त्यांचे अठरा हजार वेगळे.”

सांगलीहून निघणाऱ्या एकूण मालाला `s` म्हणू. अट अशी झाली: एकतर `s` साठच्या आत, नाहीतर `s` ऐंशीच्या वर. मधलं ६१, ७०, ७५ काही चालत नाही.

हे रेषीय बंधनांत थेट का लिहिता येत नाही? रेषीय मॉडेलला फक्त ‘आणि’ कळतं. आपण जेवढी बंधनं लिहू तेवढी सगळी एकाच वेळी पाळली गेली पाहिजेत. `s <= 60` आणि `s >= 80` ही दोन्ही लिहिली तर एकही उत्तर उरत नाही. दुसरं म्हणजे, रेषीय बंधनांनी बनलेल्या क्षेत्रात दोन बिंदू चालत असतील तर त्यांच्या मधला प्रत्येक बिंदूही चालतो. ६० चालतात, ८० चालतात, मग ७० चालणारच. आपल्याला तर मधे भोक हवंय. नुसती रेषीय बंधनं कितीही रचली तरी असं भोक पडत नाही.

म्हणून एक नवा चल आणायचा, `y`. त्याला ० किंवा १ एवढ्याच किमती घेता येतात. त्याचा अर्थ: दुसरी टोळी बोलावली तर १, नाही तर ०. आता दोन ओळी लिहायच्या:

```
s <= 60 + M1*y
s >= 80 - M2*(1 - y)
```

वाचून बघा. `y` शून्य असेल तर पहिली ओळ `s <= 60` म्हणते, म्हणजे अट लागू. दुसरी ओळ म्हणते `s >= 80 - M2`, आणि `M2` पुरेसा मोठा असेल तर ही ओळ काहीच अडवत नाही. `y` एक झाला की उलटं होतं. दुसरी ओळ `s >= 80` अशी घट्ट होते आणि पहिली सैल पडते. दोन्ही ओळी मॉडेलमध्ये कायम असतात, ‘आणि’नेच जोडलेल्या. फक्त एका वेळी एकीचेच दात लागतात. टोळीचे पैसे मोजायला खर्चात `18000*y` मिळवायचे.

ही युक्ती जुनी आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९६० साली ‘इकोनोमेट्रिका’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. कोणकोणत्या अटी पूर्णांक चलांच्या मदतीनं रेषीय बंधनांत बसवता येतात, याची मांडणी त्यात आहे, आणि ‘एकतर–नाहीतर’ त्यात आहेच. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आयल्सा लँड आणि अॅलिसन डॉइग यांचा लेख आला. अशी मॉडेलं फांद्या पाडत पाडत कशी सोडवायची, ते त्यांनी दाखवलं. आजचे सॉल्व्हर मुळात त्याच रस्त्यानं जातात.

M कुठून आणायचा?

बरेच जण इथे `M = 1000000` असं लिहून मोकळे होतात. “मोठाच पाहिजे ना, मग घ्या मोठा.” पण M ला अर्थ असतो. अट सैल पडल्यावर डावी बाजू उजव्या बाजूला जास्तीत जास्त कितीनं ओलांडू शकते, तो आकडा म्हणजे M. त्याहून एक कणही जास्त लागत नाही.

पहिल्या ओळीत `s` जास्तीत जास्त किती होईल? सांगलीत माल ९० टन, एकूण मागणी १५० टन. दोन्हींतला लहान आकडा ९०. म्हणून `M1 = 90 - 60 = 30`. दुसऱ्या ओळीत `s` शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून `M2 = 80` पुरतो. ती ओळ सोपी होऊन `s >= 80*y` एवढीच उरते. एकाच मॉडेलमधल्या दोन ओळींचे M वेगळे निघाले, आणि ते तसेच निघायला हवेत. सगळीकडे एकच M चिकटवायचं काही कारण नाही.

आता उत्तर काढू. दुसरी टोळी बोलावली तर सांगलीहून ९० टन जातील, आणि खर्च १,४८,००० + १८,००० = १,६६,००० रुपये. नाही बोलावली तर ३० टन बारामतीकडे वळवावे लागतील. सगळ्यात कमी नुकसान रत्नागिरीत आहे, टनाला पाचशे, म्हणजे १५,००० जास्त. खर्च १,६३,०००. तेव्हा टोळी बोलवायची नाही, सांगलीहून ६० टनच काढायचे. खरं उत्तर १,६३,०००.

M फुगवला तर: पहिला त्रास

सॉल्व्हर सुरुवातीला `y` ची ० किंवा १ ही सक्ती बाजूला ठेवतो आणि त्याला ० ते १ मधली कुठलीही किंमत घेऊ देतो. या सैल मॉडेलचं उत्तर म्हणजे खर्चाची खालची मर्यादा: यापेक्षा स्वस्त काही मिळूच शकत नाही. ही मर्यादा खऱ्या उत्तराच्या जितकी जवळ, तितक्या कमी फांद्या पाडाव्या लागतात.

`M1` तीस असेल तर काय होतं बघा. सांगलीहून साठच्या वर एक टन काढायचा म्हणजे `y` एक तीसांशानं वाढवायला लागतो, आणि त्याचे ६०० रुपये पडतात. तोच टन बारामतीहून रत्नागिरीला नेला तर ५०० जास्त लागतात. म्हणजे सैल मॉडेललाही टोळी परवडत नाही, आणि ते सरळ `y = 0`, खर्च १,६३,००० हेच उत्तर देतं. एकही फांदी न पाडता काम झालं.

आता दोन्ही ओळींत M हजार करा. सांगलीचे ९० टन काढायला `y` फक्त ०.०३ पुरतो. टोळीचे १८,००० रुपये सैल मॉडेलला ५४० वाटतात. त्याचं उत्तर येतं १,४८,५४०. खऱ्या उत्तरापासून जवळजवळ साडेचौदा हजार खाली. इथे एकच `y` आहे, त्यामुळे सॉल्व्हर दोन फांद्या पाडून क्षणात सावरतो. पण चाळीस गोदामं, प्रत्येकाच्या चार-पाच अशा अटी, असं मॉडेल असेल तर प्रत्येक ठिकाणी ही भूल पडते. मॉडेल तासन्‌तास चालत राहतं आणि वरचा-खालचा आकडा जुळता जुळत नाही.

M फुगवला तर: दुसरा त्रास

पहिल्या त्रासात वेळ जातो. दुसऱ्यात उत्तरच चुकतं, आणि सॉल्व्हर वर ‘इष्टतम उत्तर सापडलं’ असा शिक्का मारून देतो.

संगणकात ‘शून्य’ म्हणजे अगदी शून्य नसतं. सॉल्व्हर पूर्णांकाच्या बाबतीत थोडी सूट देतो. गुरोबी आणि सीप्लेक्समध्ये ही सूट मुळात ०.००००१ इतकी ठेवलेली असते, हायज् या मुक्त सॉल्व्हरमध्ये ०.०००००१. म्हणजे `y` ची किंमत ०.००००१ च्या आत असली तर गुरोबीच्या लेखी तो शून्यच.

आता कोणी M एक कोटी लिहिला आहे असं धरा. सांगलीहून ९० टन काढायला `y` किती लागेल? ३० भागिले एक कोटी, म्हणजे ०.०००००३. ही किंमत सुटीच्या आत आहे. सॉल्व्हर म्हणतो, `y` शून्य आहे, पूर्णांक आहे, सगळं छान. पहिली ओळही पाळली जाते, कारण ६० अधिक एक कोटी गुणिले ०.०००००३ म्हणजे बरोबर ९०. टोळीचा खर्च किती? १८,००० गुणिले ०.०००००३, म्हणजे साधारण पाच पैसे.

अहवालात काय छापून येतं? खर्च १,४८,००० रुपये. दुसरी टोळी: ०. सांगलीहून निघणारा माल: ९० टन. अठरा हजारांची टोळी पाच पैशांत आली. आणि सोमवारी मुकादमाच्या हातात जो कागद पडतो, त्यावर एका टोळीनं नव्वद टन भरायचे असं लिहिलेलं असतं. मग एक तर गाड्या गोदामाबाहेर उभ्या राहतात, नाहीतर त्याच माणसांकडून दीडपट काम करून घेतलं जातं. मॉडेलमधला दशांश शेवटी कोणाच्या तरी पाठीवर येतो, तो असा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एवढ्या लहान मॉडेलमध्ये आजचा चांगला सॉल्व्हर सोडवण्याआधीच्या सफाईत बघतो की `s` नव्वदच्या वर जाऊच शकत नाही, आणि M आपणहून खाली आणतो. त्यामुळे हे उदाहरण घरी चालवलंत तर कदाचित बरोबर उत्तर येईल. पण मोठ्या मॉडेलमध्ये `s` ची मर्यादा दहा बंधनांच्या आड लपलेली असते. तिथे ही सफाई पुरी पडेल याची खात्री नाही.

M आखूड पडला तर

मग काय, M लहान ठेवायचा? तेही सांभाळूनच. आपला ३० हा आकडा या आठवड्याचा आहे. कोणी तो मॉडेलमध्ये तसाच टाइप करून ठेवला. पुढच्या महिन्यात सांगलीत १२० टन माल आला आणि पणजीची मागणी ७० टन झाली. आता सांगलीहून ७० टन पणजीला आणि ४० रत्नागिरीला, असे ११० टन काढायला हवेत, दुसरी टोळी बोलावून. पण पहिली ओळ अजून `s <= 60 + 30*y` म्हणते. टोळी आली तरी ९० च्या वर परवानगी नाही. उरलेले २० टन रत्नागिरीसाठी बारामतीहून निघतात आणि १०,००० रुपये जास्त पडतात.

इथेही कुठली चूक दिसत नाही. आराखडा शक्य आहे, गाड्या वेळेत निघतात, सगळे खूश. फक्त सांगलीच्या गोदामात ३० टन माल पडून असताना बारामतीहून घाट उतरून महाग माल का येतोय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. फुगलेला M खोटं स्वस्त उत्तर देतो, आखूड M खरं पण महाग उत्तर देतो. दुसरा प्रकार जास्त काळ लपून राहतो.

उपाय सोपा आहे. M हा आकडा म्हणून लिहायचाच नाही, तो माहितीवरून मोजून काढायचा. शिल्लक आणि एकूण मागणी यांतला लहान आकडा घ्या, त्यातून साठ वजा करा. शिल्लक बदलली की M बदलतो. जिथे मर्यादा इतकी सरळ दिसत नाही, तिथे एक छोटं रेषीय मॉडेल आधी सोडवायचं: बाकी सगळी बंधनं ठेवून डावी बाजू जास्तीत जास्त किती होते, ते विचारायचं.

आता ‘जर–तर’

दुसरी अट बारामतीच्या वाहतूकदाराची. तो म्हणतो, “रत्नागिरीला वीस टनांपर्यंत माझ्या नेहमीच्या गाड्यांत जाईल. वीसच्या वर गेलात तर कोकणात जास्तीच्या गाड्या घालाव्या लागतील, आणि त्या मला परवडायच्या तर पणजीचाही निदान पंधरा टन माल मला द्या.”

बारामती ते रत्नागिरी मालाला `r` म्हणू, बारामती ते पणजी मालाला `p`. अट: जर `r > 20`, तर `p >= 15`.

‘जर–तर’साठी वेगळी युक्ती शिकायची गरज नाही. ‘जर पाऊस पडला तर मी छत्री घेईन’ हे वाक्य कधी खोटं ठरतं? फक्त पाऊस पडला आणि छत्री घेतली नाही तेव्हा. म्हणजे वाक्य खरं असायला एकतर पाऊस पडलेला नसावा, नाहीतर छत्री घेतलेली असावी. जर–तर हे एकतर–नाहीतर झालं. पहिला भाग उलटा करायचा, दुसरा आहे तसा ठेवायचा: एकतर `r <= 20`, नाहीतर `p >= 15`.

नवा चल `z`. `r` जास्तीत जास्त ४० होईल, कारण रत्नागिरीची मागणीच तेवढी आहे. म्हणून पहिल्या ओळीचा M वीस. `p` ची किमान किंमत शून्य, म्हणून दुसऱ्या ओळीचा M पंधरा. दोन्ही अटी पायथनच्या पल्पमध्ये अशा दिसतील:

```python
M1 = min(stock_sangli, total_demand) - 60
M3 = min(stock_baramati, demand_ratnagiri) - 20

m += s <= 60 + M1*y
m += s >= 80*y
m += r <= 20 + M3*z
m += p >= 15*z
```

उत्तर बदलतं का? आधीच्या उत्तरात बारामतीहून रत्नागिरीला ३० टन जात होते, म्हणजे ही अट लागते. तीन पर्याय तपासू. रत्नागिरीचे २० वर थांबवून उरलेले १० टन पणजीकडून वळवले, तर जास्तीचा खर्च १०,००० + ७,००० आणि एकूण १,६५,०००. वाहतूकदाराचं ऐकून पणजीचे १५ घेतले आणि रत्नागिरीचे १५, तर ७,५०० + १०,५०० आणि एकूण १,६६,०००. दुसरी टोळी बोलावली तरी १,६६,०००. म्हणजे १,६५,००० चा आराखडा जिंकतो. सांगलीहून रत्नागिरी २०, पणजी ४०. बारामतीहून सोलापूर ६०, रत्नागिरी २०, पणजी १०. सांगलीचे बरोबर ६० टन झाले, बारामतीचे ९०.

बघा, रत्नागिरीचा आकडा अगदी वीसच्या काठावर येऊन थांबला. असं नेहमी होतं, कारण सॉल्व्हर अटीच्या कडेपर्यंत जातोच. त्यामुळे ‘वीसच्या वर’ आणि ‘वीस किंवा वर’ यांतला फरक वाहतूकदाराला विचारूनच घ्यायचा. तो ‘वीस झाले की’ म्हणत असेल तर उलटा भाग `r < 20` होतो, आणि सॉल्व्हरला असं कडक ‘पेक्षा लहान’ लिहिता येत नाही. मग मालाचं सगळ्यात लहान माप बघायचं. पेंड ५० किलोच्या पोत्यांत जात असेल तर वीस टनांना एक पोतं कमी, म्हणजे `r <= 19.95` लिहायचं. हवेतला ०.०००१ लिहू नका. सॉल्व्हरची स्वतःची सूट त्याला गिळून टाकू शकते.

z काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता एक बारीक जागा. `z` एक आला म्हणजे रत्नागिरीला वीसच्या वर माल गेला, असं समजायचं का? नाही. आपण एकाच दिशेची अट लिहिली आहे. `r` वीसच्या वर गेला तर `z` ला एक व्हावंच लागतं. पण `r` दहा असताना `z` एक झाला, आणि `p` पंधरा असला, तरी एकही ओळ मोडत नाही. `z` ला खर्च नाही, त्यामुळे सॉल्व्हरला त्यानं काही फरक पडत नाही.

म्हणून `z` वरून वाहतूकदाराचं बिल काढायचं नाही, की ‘जास्तीच्या गाड्या लागल्या का’ हा रकाना भरायचा नाही. ते `r` कडे बघून ठरवायचं. `z` नं दोन्हीकडून बोलावं असं खरंच हवं असेल, तर उलट दिशेचीही एक ओळ लिहावी लागते: `z` एक असेल तर `r` निदान २०.०५ असावा, म्हणजे `r >= 20.05*z`. मुकादमाच्या `y` ची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही बाजू `s` वरच आहेत आणि मधे भोक आहे, म्हणून `y` आणि टोळी आपोआप जुळतात.

तपासायचं कसं

माझी पद्धत तीन पायऱ्यांची आहे.

एक, ०–१ चलांच्या किमती गोल न करता छापायच्या. अहवालात ० दिसतो, पण आत ०.०००००३ असू शकतो. अशी एक जरी किंमत दिसली तरी तिथला M बघायचा.

दोन, सगळे `y`, `z` जवळच्या ० किंवा १ वर पक्के बांधायचे आणि उरलेलं रेषीय मॉडेल पुन्हा सोडवायचं. खर्च तोच आला तर ठीक. आपल्या एक कोटीच्या उदाहरणात `y` शून्यावर बांधल्याबरोबर खर्च १,४८,००० वरून १,६३,००० वर उडी मारतो. एवढी उडी म्हणजे पहिलं उत्तर सुटीतून निसटलेलं होतं.

तीन, आखूड M पकडायला, जी ओळ सैल पडायला हवी होती तिच्याकडे बघायचं. टोळी बोलावली आहे, म्हणजे पहिली ओळ सैल हवी. तरीही `s` नेमका `60 + M1` वर अडलाय, आणि गोदामात माल शिल्लक आहे? मग माल गोदामानं नाही, M नं अडवलाय.

काही जण विचारतात, गुरोबी किंवा सीप्लेक्समध्ये ‘y शून्य असेल तर ही ओळ लागू’ अशी अट थेट लिहिता येते, मग M ची कटकट कशाला? लिहा की, पाच पैशांच्या टोळीचा धोका त्यानं टळतो. पण आत सॉल्व्हरला तीच माहिती लागते: `s` कुठपर्यंत जाऊ शकतो. चलांना मर्यादा दिल्या नसतील तर त्याचं सैल मॉडेल कमजोरच राहतं आणि फांद्या वाढतात. म्हणजे ‘जास्तीत जास्त किती’ हा प्रश्न तुम्ही मुकादमाला विचारलाच पाहिजे. तो M म्हणून लिहा, नाहीतर चलाची मर्यादा म्हणून लिहा.

घरी करून बघायचं असेल तर याच आकड्यांवर टोळीचे पैसे १८,००० ऐवजी १४,००० धरा आणि दोन्ही अटींसह कागदावर उत्तर काढा. कुठली ओळ घट्ट होते, कुठली सैल पडते आणि `z` ची किंमत काय येते, ते लिहून ठेवा. मग मॉडेल चालवा आणि ताडून बघा. भेटू पुढच्या भागात.